पायऱ्यांचा कोड नाण्यांना लावला की उत्तर का फुगतं?

प्रश्न: पायऱ्या चढण्याचं गणित (एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या) मी तक्ता भरून सोडवलं, बरोबर आलं. मग तोच कोड १, २ आणि ५ रुपयांच्या नाण्यांना लावला. ५ रुपये किती प्रकारे देता येतील याचं माझं उत्तर ९ येतंय, पुस्तकात ४ आहे. नेटवर एकाने दोन फॉर लूपची फक्त अदलाबदल केलीय आणि त्याचं ४ येतं. असं का होतं? की हे पाठच करायचं? माझा कोड खाली देतोय.

```python
def count(amount, coins):
    ways = [0] * (amount + 1)
    ways[0] = 1
    for a in range(1, amount + 1):
        for c in coins:
            if c <= a:
                ways[a] += ways[a - c]
    return ways[amount]
```

उत्तर:

आधी कोड बाजूला ठेवा आणि ते नऊ प्रकार कागदावर लिहून काढा. संख्या एवढी लहान आहे की पाच मिनिटांत होतं. एका ओळीत सारख्याच नाण्यांचे प्रकार ठेवले तर ते असे दिसतात:

```
5
2+2+1   2+1+2   1+2+2
2+1+1+1   1+2+1+1   1+1+2+1   1+1+1+2
1+1+1+1+1
```

प्रकार नऊ आहेत आणि ओळी चार. तुमचा कोड प्रकार मोजतोय, पुस्तक ओळी मोजतंय. म्हणजे तुमचं ९ हे उत्तर खरंच आहे, फक्त ते पुस्तकातल्या प्रश्नाचं नाही. दुकानदाराच्या हातावर दोन-दोनची दोन नाणी आणि एकचं एक ठेवलं, तर कोणतं आधी ठेवलं याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. पायऱ्यांचं तसं नाही. आधी एक चढून मग दोनची उडी मारणं आणि आधी उडी मारून मग एक चढणं, यात पाय वेगवेगळ्या पायऱ्यांवर पडतात, म्हणून ते दोन वेगळे प्रकार. तेव्हा लूपकडे वळण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: क्रम बदलला की आपण त्याला नवा प्रकार धरणार आहोत का?

हे मात्र प्रश्नाच्या भाषेवर अवलंबून असतं आणि तिथे फसायला होतं. 'पैसे' दिसले की क्रम नको, 'पायऱ्या' दिसल्या की क्रम हवा, असा ठोकताळा करून चालत नाही. रेल्वे फलाटावरच्या वजनाच्या यंत्रात नाणी एकामागून एक किती तऱ्हांनी टाकता येतील असं विचारलं, तर पैसे असूनही क्रम मोजावा लागेल. उलट, 'दहा पायऱ्या चढताना एकच्या आणि दोनच्या उड्यांच्या किती वेगवेगळ्या जोडण्या संभवतात' असं विचारलं, तर पायऱ्या असूनही क्रम नको. LeetCode वर तर नावानेच घोटाळा होतो. तिथे `Combination Sum IV` नावाचा प्रश्न आहे. नाव वाचून वाटेल की क्रम नसणार, पण तो क्रम मोजतो: १, २, ३ या संख्यांतून ४ बनवायचे ७ प्रकार येतात आणि तुमचा वरचा कोड जसाच्या तसा तिथे चालतो. `Coin Change II` मात्र क्रम मोजत नाही, आणि त्यातलं पहिलं उदाहरण म्हणजे तुमचंच: १, २, ५ ची नाणी, रक्कम ५, उत्तर ४. त्यामुळे नावावर जाऊ नका, प्रश्नाखाली दिलेलं लहान उदाहरण हाताने मोजा.

आता तुमचा कोड नेमका काय विचार करतो ते पाहू. पायऱ्यांच्या तक्त्यात प्रत्येक घराचा अर्थ असा आहे: `ways[a]` म्हणजे जमिनीपासून a व्या पायरीपर्यंत पोचायच्या सगळ्या तऱ्हा. a वर पोचणारा माणूस शेवटची उडी एकची मारून आला असेल किंवा दोनची. एकची असेल तर त्याआधी तो a−१ वर होता, दोनची असेल तर a−२ वर. तिसरी शक्यता नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकत नाहीत. म्हणून त्या दोन घरांतल्या संख्यांची बेरीज केली की काम झालं. न काही सुटतं, न काही दोनदा मोजलं जातं.

| पायरी | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| तऱ्हा | १ | १ | २ | ३ | ५ | ८ | १३ |

हा तक्ता आपल्याकडे फार जुना आहे, तोही पायऱ्यांसाठी नव्हे तर छंदांसाठी. शाळेत वृत्त शिकताना लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा आपण मोजल्या आहेत. चार मात्रांचा गण किती तऱ्हांनी होतो? गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच, म्हणजे तक्त्यातल्या ४ खालची संख्या. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी, आणि त्यांच्याही आधी विरहांकाने, हाच नियम सांगितला होता की मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं, म्हणजे त्यानंतरचं. छंदात लगाल आणि गालल हे एकच असं कोणी म्हणणार नाही, कारण म्हणताना चाल बदलते. क्रम मोजणाऱ्या प्रश्नाचं याहून चोख उदाहरण मला सापडलेलं नाही.

नाण्यांना तुम्ही हाच विचार लावला. ५ च्या घरात तुमचा कोड विचारतो की शेवटचं नाणं कोणतं होतं. पाचचं असेल तर आधी ० रुपये झाले होते, त्याचा १ प्रकार. दोनचं असेल तर आधी ३ झाले होते, त्याचे ३ प्रकार. एकचं असेल तर आधी ४ झाले होते, त्याचे ५. एकूण ९. 'शेवटचं नाणं' हे दोन शब्द आले तिथेच क्रम आत शिरला. दोन, दोन, एक ही मूठ 'शेवटी एक' या वाटेनेही मोजली गेली आणि 'शेवटी दोन' या वाटेनेही, कारण तिच्यातलं कुठलंही नाणं शेवटी येऊ शकतं.

मग क्रम घालवायचा कसा? सगळे प्रकार मोजून नंतर सारखे गाळणं हा एक मार्ग सुचतो, पण कोणते गाळायचे हे तक्त्यातल्या नुसत्या संख्येवरून कळत नाही. १+२+२ आणि २+१+२ दोन्ही त्या ९ मध्ये विरघळून गेलेत. भागाकारानेही जमत नाही, कारण एका ओळीत तीन प्रकार आहेत, दुसरीत चार आणि उरलेल्या दोन ओळींत एकेकच. म्हणून मोजण्याआधीच एक शिस्त घालायची: नाणी मांडताना आधी सगळी एकची, मग सगळी दोनची, मग सगळी पाचची. या शिस्तीत प्रत्येक मूठ फक्त एकाच पद्धतीने मांडता येते. १+२+२ चालेल, २+१+२ चालणार नाही. वरच्या यादीतल्या प्रत्येक ओळीतून बरोबर एकेक मांडणी उरते आणि उत्तर ४ येतं.

ही शिस्त तक्त्यात आणायची तर एक ओळ पुरत नाही. घराचा अर्थ बदलावा लागतो: फक्त या ओळीपर्यंतची नाणी वापरायची परवानगी असेल, तर ही रक्कम किती प्रकारे होते? प्रत्येक नव्या नाण्याला एक नवी ओळ.

| परवानगी | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| फक्त १ | १ | १ | १ | १ | १ | १ |
| १ आणि २ | १ | १ | २ | २ | ३ | ३ |
| १, २ आणि ५ | १ | १ | २ | २ | ३ | ४ |

पहिली ओळ उघड आहे. फक्त एकची नाणी असतील तर कुठलीही रक्कम एकाच प्रकारे होते.

दुसऱ्या ओळीतलं ५ चं घर जवळून पाहा, सगळी मेख तिथे आहे. १ आणि २ वापरून ५ करायचे. दोनचं एकही नाणं घेतलं नाही, तर ते प्रकार वरच्या ओळीत आधीच मोजलेले आहेत: १. आणि दोनचं किमान एक तरी नाणं घेतलं, तर त्यातलं एक बाजूला काढून ठेवा. उरले ३. हे ३ किती प्रकारे होतील, हे कुठल्या ओळीत बघायचं? त्याच ओळीत, म्हणजे '१ आणि २' च्या, कारण उरलेल्या तिनात अजून एक दोनचं नाणं असू शकतं. तिथे २ आहे. १ + २ = ३. हाताने तपासा: पाच एकची, तीन एकची आणि एक दोनचं, एक एकचं आणि दोन दोनची. तीनच.

तिसऱ्या ओळीत ५ च्या घरातही तेच. पाचचं नाणं नाही घेतलं तर वरचे ३. घेतलं तर उरले ०, आणि त्याच ओळीत ० खाली १. एकूण ४.

इथे प्रश्न 'शेवटचं नाणं कोणतं' असा राहिलेला नाही. तो 'हे नाणं घेतलं की नाही' असा झालाय. घेतलं आणि न घेतलं या दोन गटांत एकच मूठ कधीच सापडू शकत नाही, म्हणून दोनदा मोजणी होत नाही.

आता हा तीन ओळींचा तक्ता एका ओळीत दुमडता येतो, आणि तुम्ही नेटवर पाहिलेला कोड म्हणजे ही घडीच आहे. नवी ओळ भरताना वरच्या ओळीतलं फक्त सरळ वरचं घर लागतं, बाकीचं नाही. मग नवी ओळ वेगळी लिहायचीच कशाला? जुन्या संख्येतच भर घालायची. वरचा आकडा तिथे आधीच आहे, त्यात `ways[a - c]` मिळवला की नवा आकडा तयार.

```python
def count(amount, coins):
    ways = [0] * (amount + 1)
    ways[0] = 1
    for c in coins:
        for a in range(c, amount + 1):
            ways[a] += ways[a - c]
    return ways[amount]
```

बाहेरचा लूप म्हणजे तक्त्याच्या ओळी, आतला लूप म्हणजे एका ओळीतली घरं. दोनच्या नाण्याची फेरी चालू असताना पाचचं नाणं तक्त्यात आलेलंच नसतं, आणि पाचची फेरी सुरू झाली की एक आणि दोनचे दरवाजे बंद झालेले असतात. म्हणून पाचनंतर एक असा क्रम निर्माणच होऊ शकत नाही. तुमच्या कोडमध्ये मात्र प्रत्येक रकमेच्या घरात सगळी नाणी पुन्हा उमेदवार म्हणून उभी राहतात, त्यामुळे कशाच्याही पुढे काहीही लागू शकतं. अदलाबदलीचा अर्थ एवढाच.

इथे एक शंका हमखास येते: यादी `[5, 2, 1]` अशी उलटी दिली तर? उत्तर तेच येतं. शिस्त 'आधी पाच, मग दोन, मग एक' अशी होते, आणि कुठल्याही मुठीची त्या शिस्तीतही एकच मांडणी असते. मधल्या ओळी मात्र वेगळ्या दिसतात. पाचच्या फेरीनंतर १, ०, ०, ०, ०, १. दोनच्या फेरीनंतर १, ०, १, ०, १, १. एकच्या फेरीनंतर १, १, २, २, ३, ४. मधले आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत म्हणून बरोबर कोड खोडून टाकणारे विद्यार्थी मी बरेच पाहिलेत. मधली ओळ जुळवायची असेल तर आधी नाण्यांचा क्रम जुळवा.

याच कोडची तिसरी बहीण आहे, तीही इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या आठवड्यात तुम्ही तिला अडखळणार. आतापर्यंत प्रत्येक नाणं हवं तितक्या वेळा घेता येत होतं. पण खिशात मोजकीच नाणी असतील आणि प्रत्येक नाणं एकदाच वापरता येत असेल तर? समजा खिशात एकचं एक, दोनची दोन आणि पाचचं एक नाणं आहे. तेव्हा आतला लूप उलट्या दिशेने, मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे चालवायचा:

```python
    for c in coins:
        for a in range(amount, c - 1, -1):
            ways[a] += ways[a - c]
```

दिशेने काय होतं ते घडीच्या भाषेत पाहा. डावीकडून उजवीकडे जाताना `ways[a - c]` हे घर याच फेरीत आधी भरलेलं असतं, म्हणजे त्यात हे नाणं वापरलेले प्रकार आलेले असतात. आपण 'त्याच ओळीत बघायचं' म्हणालो होतो ते हेच, आणि म्हणूनच नाणं पुन्हा पुन्हा वापरता येतं. उजवीकडून डावीकडे जाताना `ways[a - c]` ला अजून हात लागलेला नसतो. त्यात जुन्या ओळीचा आकडा असतो, म्हणजे हे नाणं येण्याआधीचा. त्यामुळे ते जास्तीत जास्त एकदाच घेतलं जातं.

`[1, 2, 2, 5]` देऊन ५ साठी चालवलंत तर २ येईल: एक पाचचं नाणं, किंवा १+२+२. एक खोच आहे. हाच तक्ता ३ रुपयांच्या घरात २ दाखवतो, कारण दोनची दोन नाणी तो वेगळी धरतो: हे दोनचं किंवा ते दोनचं. तुम्हाला ती सारखी धरायची असतील तर हा कोड पुरत नाही. प्रत्येक किमतीसाठी 'शून्य, एक किंवा दोन नाणी घेतली' असं वेगळं मोजावं लागतं. आणि याचीच उलट बाजू म्हणजे अमर्याद नाण्यांच्या कोडला चुकून `[1, 2, 2, 5]` अशी दुबार यादी दिली, तर तो दोनची दोन जातींची नाणी आहेत असं समजतो आणि उत्तर फुगतं. यादी बाहेरून येत असेल तर आधी दुबार आकडे काढून टाका.

आता पडताळणी. माझ्याकडे कोणी असा कोड घेऊन आलं की मी एकच इनपुट देतो: नाणी १ आणि २, रक्कम ३. क्रम मोजणारा कोड ३ सांगतो (१+१+१, १+२, २+१). क्रम न मोजणारा २ सांगतो. प्रत्येक नाणं एकदाच वापरणारा १ सांगतो. म्हणजे या एका आकड्यावरून समोरचा कोड तिघांपैकी कोणता आहे हे लगेच कळतं, लूप वाचायचीही गरज पडत नाही. मग प्रश्नात काय हवंय ते हाताने मोजा, तीनच रुपये आहेत, आणि जुळतंय का पाहा.

चाचणीला ५ ही रक्कम बरी आहे, पण १ किंवा २ घेऊ नका. नाणी १ आणि २ असताना २ रुपयांसाठी क्रम मोजला काय, न मोजला काय, उत्तर २ च येतं, आणि चूक लपून राहते.

थोडी मोठी रक्कम हवी असेल तर हे आकडे वापरा. नाणी १, २, ५ आणि रक्कम १०: तुमचा कोड १२८ देईल, अदलाबदल केलेला १०. या दहाचा हिशेब तोंडी होतो. पाचची दोन असतील तर १ प्रकार. पाचचं एक असेल तर उरलेले ५ रुपये १ आणि २ मध्ये ३ प्रकारे. पाचचं एकही नसेल तर दोनची ० ते ५ नाणी, म्हणजे ६ प्रकार. एकूण १०. दहाचं नाणं यादीत घातलं की ११. आणि १, २, ५, १० ची नाणी घेऊन १०० रुपये: २१५६. `Project Euler` चा ३१ वा प्रश्न याच जातीचा आहे. त्यात इंग्लंडची १, २, ५, १०, २०, ५० पेन्स, १ पौंड आणि २ पौंड ही नाणी देऊन २ पौंड किती प्रकारे होतील असं विचारलंय. उत्तर ७३६८२ यायला हवं.

चुकांपैकी दोनच सांगतो, कारण त्या लूप बरोबर असूनही होतात.

पहिली, `ways[0]`. शून्य रुपये देण्याचा एक प्रकार आहे, काहीच न देणं. नवशिक्याला तो ० असावा असं वाटतं, कारण 'काहीच नाही' म्हणजे शून्य. पण आपण रुपये मोजत नाही, प्रकार मोजतो. पाचचं नाणं देऊन नेमके ५ झाले, पुढे काही द्यायचं उरलं नाही, हा एक पुरा झालेला प्रकार आहे आणि तो `ways[0]` मधूनच येतो. तिथे ० ठेवलात तर संपूर्ण तक्ता शून्यच राहतो. शेवटी ० आलं आणि रक्कम नाण्यांनी होण्यासारखी होती, तर आधी हे घर बघा.

दुसरी चूक रिकर्शन वापरणाऱ्यांची. समजा तुम्ही तक्त्याऐवजी `f(a, i)` असं फंक्शन लिहिलंत, a म्हणजे उरलेली रक्कम आणि i म्हणजे पहिली किती नाणी वापरायची परवानगी आहे. नियम वरच्याच तक्त्याचा: `f(a, i) = f(a, i-1) + f(a - c, i)`, इथे c म्हणजे i वं नाणं. इथपर्यंत बरोबर. पण काढलेली उत्तरं साठवताना पुष्कळ जण फक्त a वर साठवतात: `memo[a]`. मग '१ आणि २ मध्ये ५' याचं ३ हे उत्तर साठवलं जातं, आणि '१, २, ५ मध्ये ५' विचारलं की तेच ३ परत मिळतं किंवा उलट होतं. या चुकीची खूण अशी की नाण्यांच्या यादीचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि साठवण बंद केली की ते बरोबर येतं. घराच्या अर्थात दोन गोष्टी असतील तर किल्लीतही दोन्ही हव्यात: `memo[(a, i)]`.

साठवण मुळीच नसेल तर उत्तर बरोबर येतं, पण वेळ हाताबाहेर जातो. पायऱ्यांचं साधं रिकर्शन ४५ पायऱ्यांसाठी फंक्शनला ३६७ कोटींहून जास्त वेळा बोलावतं. तक्त्याला त्याच कामासाठी पन्नासही बेरजा लागत नाहीत.

४५ हा आकडा मी उगाच घेतला नाही. LeetCode वरच्या `Climbing Stairs` मध्ये पायऱ्यांची कमाल मर्यादा ४५ च आहे. ४५ पायऱ्यांचं उत्तर १८३६३११९०३ येतं आणि ३२ बिटांच्या `int` मध्ये कमाल २१४७४८३६४७ मावतात. ४६ पायऱ्यांना २९७१२१५०७३ होतात, ते मावत नाहीत. जावात हा कोड ४६ साठी चालवलात तर `-1323752223` असं ऋण उत्तर छापलं जाईल, कुठलीही तक्रार न करता. `long` घेतलात तर ९१ पायऱ्यांपर्यंत निभावतं. तुम्ही पायथनमध्ये आहात, तिथे संख्या हवी तितकी वाढते, त्यामुळे हा त्रास नाही. परीक्षेत जावा किंवा सी असेल तर मात्र लक्षात असू द्या. क्रम मोजणाऱ्या प्रश्नात उत्तर फार भराभर वाढतं. क्रम न मोजणाऱ्यात वाढ बरीच सावकाश असते, म्हणून १०० रुपयांसाठीही २१५६ वरच थांबलं.

तक्त्याची खरी मर्यादा रकमेची आहे. काम म्हणजे घरांची संख्या गुणिले नाण्यांची संख्या. १०० रुपये आणि चार नाणी असतील तर जेमतेम चारशे बेरजा. पण रक्कम एक कोटी असेल तर नाणी चारच असली तरी कोटभर घरं भरावी लागतील. म्हणून पैशांत हिशेब करताना रुपयांचे सरसकट पैसे करून तक्ता शंभरपट लांबवू नका. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हा सर्वांत लहान नाणं ५० पैशांचं. ५० पैसे हे एक एकक धरा, एकचं नाणं २, दोनचं ४, पाचचं १०, आणि १०० रुपयांना २०१ घरांत काम भागतं. आणि रक्कम व सगळी नाणी एकाच संख्येने निःशेष भागली जात असतील, जसं १०, २०, ५० आणि १०० च्या नोटांत ५००० रुपये, तर आधी भागून घ्या. १, २, ५, १० मध्ये ५०० केलेत तरी उत्तर तेच येतं, तक्ता दहापट आखूड.

पाठ करायचं का, या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असं आहे. कोडच्या वर एका ओळीत घराचा अर्थ कॉमेंट म्हणून लिहा: 'a पर्यंत पोचायच्या तऱ्हा' किंवा 'इथपर्यंतची नाणी वापरून a चे प्रकार'. दुसऱ्या वाक्यात 'इथपर्यंतची नाणी' हे शब्द आलेत ना, तिथेच नाण्यांचा लूप बाहेर असायला हवा हे ठरतं. पहिल्या वाक्यात ते शब्द नाहीत, म्हणून तिथे रकमेचा लूप बाहेर.